स्पीकर-जोडणी आणि अँप्लिफायरवरील भार

एकाच अँप्लिफायरला अनेक स्पीकर जोडले की त्यांचा मिळून होणारा संरोध (इंपीडन्स) जोडणीच्या पद्धतीनुसार बदलतो. एकसर जोडणीत तो वाढतो : ८ ओहमचे दोन स्पीकर मिळून १६ ओहम. समांतर जोडणीत तो घटतो : तेच दोन मिळून ४ ओहम, तीन मिळून सुमारे २.७ ओहम, चार मिळून २ ओहम.

अँप्लिफायर ठरावीक आवाजाला ठरावीक व्होल्टेज देतो. प्रवाह किती ओढायचा हे भार ठरवतो. समजा, बाहेर २० व्होल्ट येत आहेत. ८ ओहमच्या एका बॉक्समधून २.५ अँपिअर जातात आणि त्याला ५० वॅट मिळतात. दुसरा बॉक्स समांतर जोडला की प्रवाह ५ अँपिअर, तिसऱ्याला ७.५. प्रत्येक बॉक्सला ५० वॅट मिळतातच, म्हणून ऐकणाऱ्याला सगळे झकास वाटते. पण हा सगळा प्रवाह आउटपुट ट्रान्झिस्टरांतून जातो आणि ते तापतात. मागच्या बाजूला किमान ४ ओहम लिहिले असेल, तर तिसरा बॉक्स मर्यादेबाहेरचा.

चूक बहुधा मांडणी बघून होते. मंडपात पहिल्या बॉक्सच्या दुसऱ्या सॉकेटमधून केबल पुढच्या बॉक्सला, तिथून तिसऱ्याला जाते. बॉक्स एका ओळीत दिसतात, म्हणून जोडणी एकसर आहे असे वाटते. प्रत्यक्षात साध्या बॉक्सवरची दोन्ही सॉकेटे आतून थेट जोडलेली असतात, त्यामुळे ही जोडणी समांतर असते. अँप्लिफायर ब्रिज केला असेल, तर प्रत्येक चॅनेलला भार निम्माच दिसतो : ८ ओहमचा एक बॉक्स ४ ओहमसारखा.

दुपारी आवाज लहान ठेवून चाचणी घेतली, तर काहीच बिघडत नाही. रात्री आवाज चढला की ढोलाच्या ठोक्याला आवाज तुटतो, प्रोटेक्शनचा दिवा लागतो, काही वेळाने आवाज परत येतो. कधी फ्यूज जातो. संरक्षण नसलेल्या जुन्या अँप्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरच जळतात. केबल अँप्लिफायरमधून काढून तिच्या टोकाला मल्टिमीटर लावला तर अंदाज येतो. मीटर फक्त रोध मोजतो, म्हणून ८ ओहमचा बॉक्स साधारण ६ दाखवतो. वाचन २ च्या आसपास आले तर तीन बॉक्स समांतर आहेत असे समजावे. एकदम शून्याजवळ आले, तर केबलच शॉर्ट आहे.

एकसर जोडणीने अँप्लिफायरवर जादा भार पडत नाही, पण त्याच २० व्होल्टवर दोन बॉक्सना मिळून २५ वॅटच मिळतात आणि एकाची कॉइल तुटली की दोन्ही गप्प. चार बॉक्स असतील, तर दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर लावल्या की भार पुन्हा ८ ओहम होतो. त्यासाठी चारही बॉक्स सारखे हवेत, आणि नेहमीच्या लिंक केबलने हे जमत नाही. वायर वेगळी तयार करावी लागते. म्हणून मंडपात सहसा दुसरा अँप्लिफायरच लावतात.