नॅलोक्झोन नाकफवारा (प्रथमोपचार)

अफूवर्गीय, म्हणजे ओपिऑइड गटातील द्रव्याच्या अतिमात्रेमुळे मंदावलेला किंवा थांबलेला श्वास पुन्हा सुरू करण्यासाठी नाकपुडीत मारावयाचे औषध. हेरॉइन, मॉर्फीन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन, मेथाडोन, ट्रामाडॉल ही या गटातील नेहमीची नावे. फवाऱ्याला वैद्यकीय प्रशिक्षण लागत नाही, म्हणून अमेरिका व कॅनडा येथे तो सामान्य माणसांच्या हाती दिला गेला. मात्र प्रथमोपचारात फवारा एकटा नसतो. आपत्कालीन सेवेला फोन, फवारा आणि तोंडावाटे श्वास ही तिन्ही कामे मिळून एकच उपचार होतो. प्रस्तुत नोंदीतील तपशील अमेरिकेतील ४ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याचे आहेत. उपलब्धतेसाठी न्यू जर्सी राज्याचा दाखला घेतला आहे.

कार्य : रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र पुढचा श्वास घेण्याचा आदेश देते. ओपिऑइड द्रव्ये तेथील ग्राहींना चिकटून ही जाणीव बोथट करतात. माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि श्वासांतील अंतर वाढत जाते. मृत्यू येतो तो प्राणवायूच्या अभावाने. श्वास पूर्ण थांबल्यास साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

त्याच ग्राहींना नॅलोक्झोन अधिक घट्ट चिकटते, ओपिऑइडला बाजूला सारते, आणि स्वतः मात्र नशा आणत नाही. शरीरात ओपिऑइड नसेल तर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. त्यामुळे कारणाची खात्री नसतानाही, केवळ संशयावरून, ते देता येते. नाकातून दिल्यावर परिणाम दिसण्यास दोन ते तीन मिनिटे लागतात आणि तो सुमारे ३० ते ९० मिनिटे टिकतो. पुढील सर्व कृती या दोन आकड्यांवर बेतलेली आहे. परिणाम दिसेपर्यंतची मिनिटे तोंडावाटे दिलेल्या श्वासांनी भरून काढावी लागतात, आणि औषध उतरल्यानंतरच्या काळासाठी रुग्णवाहिका हवी.

लक्षणे : मुख्य खुणा तीन आहेत : हाक मारूनही जाग न येणे, श्वास अतिशय मंद किंवा बंद असणे, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे. बाहुल्या बारीक नसल्या म्हणून अतिमात्रा नाही असे ठरत नाही. मिश्र नशेत किंवा प्राणवायू फार कमी झाल्यावर त्या मोठ्याही दिसतात. गोऱ्या कातडीवर ओठ निळसर होतात, तर सावळ्या कातडीवर राखाडी, फिकट छटा येते. म्हणून सावळ्या व्यक्तीचे ओठ, हिरड्या व नखे पाहावीत.

फसवणारी खूण म्हणजे घोरणे. घशातून घरघर किंवा गुळगुळ असा आवाज येत असेल तर आसपासचे लोक ‘गाढ झोपलाय, झोपू द्या’ म्हणून दार लोटून घेतात. वास्तविक हा आवाज शिथिल पडलेल्या जिभेमागून हवा कशीबशी जात असल्याचा असू शकतो. झोपलेला माणूस हाकेने किंवा चिमट्याने जागा होतो. खात्री करण्यासाठी मोठ्याने नाव घ्यावे आणि मुठीची पेरे छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासावीत. तरीही हालचाल नसेल तर ३० सेकंद छातीकडे पाहून श्वास मोजावेत. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ३० सेकंदांत दोन-तीनच श्वास भरले तर विलंब करू नये.

कृती : प्रथम आपत्कालीन क्रमांकाला फोन करून स्पीकर चालू ठेवावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. अमेरिका व कॅनडात हा क्रमांक ९११ आहे. ‘माणूस जागा होत नाही, श्वास नीट नाही’ एवढे आणि नेमका पत्ता आधी सांगावा. दुसरे कोणी हजर असेल तर फोन त्याच्याकडे द्यावा.

व्यक्तीला पाठीवर झोपवून मानेखाली हात देऊन डोके मागे झुकवावे. फवारा वेष्टनातून काढल्यावर त्याच्या तोटीच्या दोन बाजूंना दोन बोटे आणि तळाच्या दट्ट्यावर अंगठा ठेवावा. बोटे नाकाला टेकेपर्यंत तोटी एका नाकपुडीत सरकवून दट्ट्या एका दमात पूर्ण दाबावा. औषध नाकाच्या आतील अस्तरातून शोषले जाते, त्यामुळे व्यक्तीने श्वास आत ओढण्याची गरज नसते. फवारा आधी हवेत उडवून पाहणे ही नेहमी होणारी चूक आहे. उपकरणात एकच मात्रा असते आणि ती चाचणीतच संपते.

यानंतर लगेच श्वास द्यावेत. तोंडात काही अडकलेले दिसत असेल तर काढावे. कपाळावर एक हात ठेवून डोके मागे झुकवावे, दुसऱ्या हाताने हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरावे, आणि आपले तोंड व्यक्तीच्या तोंडावर घट्ट बसवून सुमारे एक सेकंद हवा सोडावी. दर पाच सेकंदांनी एक श्वास, हा वेग. छाती वर उचलली गेली तर हवा फुप्फुसात पोहोचली असे समजावे. ती उचलली गेली नाही तर डोके पुन्हा झुकवून पाहावे. जोराने फुंकल्यास हवा पोटात जाते आणि उलटी होण्याची शक्यता वाढते. तोंडावर ठेवण्याचे पातळ प्लास्टिकचे आवरण जवळ असल्यास वापरावे.

व्यक्ती अजिबात श्वास घेत नसेल, नुसते आचके देत असेल, किंवा हृदय थांबल्याची शंका असेल तर फोनवरील कर्मचारी छाती दाबायला सांगतो. तेव्हा ३० दाब व दोन श्वास या क्रमाने चालावे. फवाऱ्यासाठी हे काम थांबवू नये.

दोन ते तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर नवे उपकरण घेऊन दुसऱ्या नाकपुडीत मात्रा द्यावी. श्वास नियमित झाला, पण शुद्ध आली नाही, तर व्यक्तीला कुशीवर वळवावे. वरचा गुडघा पुढे वाकवलेला आणि वरचा हात गालाखाली असावा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जात नाही.

उदाहरण : पुढील प्रसंग समजुतीसाठी रचलेला आहे. न्यू जर्सीतील एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थी राहतात. पाठदुखीसाठी ओळखीतून मिळालेली ‘ऑक्सिकोडोन’ची गोळी एकाने घेतली. ती बनावट होती आणि तिच्यात फेंटानिल होते. रात्री ११:५२ ला शेजारच्या खोलीतील मित्राला विचित्र घोरणे ऐकू आले. हाक मारून आणि छातीचे हाड घासून काही उपयोग झाला नाही. ३० सेकंदांत श्वास भरले दोन. ११:५३ ला ९११ ला फोन लागला, ११:५४ ला उजव्या नाकपुडीत फवारा गेला. मग तीन मिनिटे, दर पाच सेकंदांनी एक असे ३६ श्वास मित्राने दिले. ११:५७ ला तपासले तेव्हा स्वतःचा श्वास अजून तितकाच मंद होता, म्हणून दुसरा फवारा डाव्या नाकपुडीत दिला आणि श्वास देणे चालू ठेवले. १२:०० वाजता रुग्ण स्वतःहून मिनिटाला दहा श्वास घेऊ लागला, ओठांचा रंग परतला. पण डोळे उघडले नाहीत.

येथे तिसऱ्या फवाऱ्याचा मोह होतो. तो न देता मित्राने रुग्णाला कुशीवर वळवले आणि श्वास मोजत बसला, हे योग्य झाले. औषधाचे उद्दिष्ट श्वास हे आहे, जाग नव्हे. रुग्णवाहिका १२:०४ ला आली. रुग्णालयात तासाभराने श्वास पुन्हा मंदावू लागला, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून नॅलोक्झोन दिले. मित्रांनी ‘आता बरा आहे’ म्हणून त्याला घरीच झोपवले असते, तर ही दुसरी घसरण कोणाच्या लक्षात आली नसती.

मर्यादा व धोके : दारू, बेंझोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्या आणि अमेरिकेतील अवैध फेंटानिलमध्ये मिसळले जाणारे झायलाझिन हे गुंगीचे पशुवैद्यकीय औषध यांच्यावर नॅलोक्झोन चालत नाही. मिश्रणात ओपिऑइड असेल तर श्वास सुधारतो, गुंगी मात्र राहते. अशा वेळी फवाऱ्यामागून फवारे मारल्याने हाती काही लागत नाही. न्यू यॉर्क राज्य पोलिसांनी ४ व ८ मिलिग्रॅमचे फवारे वापरलेल्या घटनांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. जगण्याचे प्रमाण दोन्हींत सुमारे ९९ टक्के होते. ८ मिलिग्रॅमच्या गटात उलट्यांसह अमली द्रव्य एकाएकी तुटल्याची लक्षणे अधिक आढळली.

नित्य ओपिऑइड घेणाऱ्यास जाग येताच घाम, मळमळ, अंगदुखी व चिडचिड होते. ती शमवण्यासाठी त्याने पुन्हा तेच द्रव्य घेतले, तर नॅलोक्झोन उतरल्यावर दोन्ही मात्रांचा भार एकदम पडतो. म्हणून शांतपणे काय घडले ते सांगून त्याला थांबवून धरावे. थंड पाण्याखाली धरणे, मीठ-पाणी पाजणे, उलटी करवणे या घरगुती उपायांनी श्वास सुरू होत नाही. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत ते घातकच ठरतात. फवारा साध्या खोलीच्या तापमानाला ठेवावा. हिवाळ्यात मोटारीत राहिल्यास तो गोठू शकतो.

इतिहास व उपलब्धता : जॅक फिशमन व मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ मध्ये नॅलोक्झोनचे पेटंट मागितले, १९७१ मध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पुढील पंचवीस वर्षे ते प्रामुख्याने रुग्णालये व रुग्णवाहिकांपुरते राहिले. १९९६ मध्ये ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ या संस्थेने ते थेट अमली द्रव्ये घेणाऱ्यांना वाटण्यास सुरुवात केली, कारण अतिमात्रेच्या वेळी बहुधा तेच एकमेकांच्या जवळ असतात. ४ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि मार्च २०२३ पासून तो चिठ्ठीविना विकण्याची मुभा झाली. न्यू जर्सीत जानेवारी २०२३ पासून १४ वर्षांवरील कोणालाही सहभागी औषध दुकानांतून तो नाव न सांगता मोफत मिळतो. तेथील २०१३ च्या कायद्याने अतिमात्रेसाठी मदत बोलावणाऱ्यास अमली द्रव्य बाळगल्याच्या कारवाईपासून संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने फोन टळू नये, हा त्यामागील हेतू.

भारतात नॅलोक्झोन मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयांत वापरले जाते. फवारा घरी ठेवण्याची पद्धत रुळलेली नाही. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फीन किंवा फेंटानिलची पट्टी मात्र महाराष्ट्रातील घरांतही असते. तेथे अपघाताने अतिमात्रा झाल्यास ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा, पट्टी असल्यास अंगावरून काढावी, आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत दर पाच सेकंदांनी एक श्वास देत राहावे.