अवरोधक आवाहन आणि थ्रेडांचे दोन प्रकार

१. संज्ञा. प्रोसेसच्या अंतर्गत स्वतंत्रपणे चालणाऱ्या आदेशक्रमास थ्रेड म्हणतात. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आणि रजिस्टरांतील मूल्ये त्याची स्वतःची असतात. मेमरी सर्वांची सामाईक असते. अपेक्षित घटना घडेपर्यंत जे आवाहन परतत नाही आणि तोवर कर्नल आवाहनकर्त्यास प्रोसेसर देत नाही, ते अवरोधक आवाहन होय.

२. भेद. थ्रेडांचे नियोजन कोण करतो, यावरून दोन प्रकार होतात. (अ) कर्नलस्तरीय थ्रेडांची नोंद कर्नलपाशी असते आणि प्रत्येकास प्रोसेसर तोच देतो. (आ) वापरकर्तास्तरीय थ्रेडांची नोंद प्रोसेसमधील लायब्ररीपाशी असते. कर्नलला अशा सर्व थ्रेडांच्या ठिकाणी एकच नियोज्य घटक दिसतो.

३. परिणाम. क, ख, ग हे तीन थ्रेड घेऊ. क सॉकेटवर `read` करतो; डेटा २०० मिलिसेकंदांनी येणार आहे. प्रकार (अ) मध्ये कर्नल केवळ क ला प्रतीक्षासूचीत टाकतो. ख आणि ग चालत राहतात. आता प्रकार (आ) घेऊ. त्यात थ्रेड स्वतः लायब्ररीस पाचारण करतो तेव्हाच पालट होतो असे मानू. क च्या `read` मुळे नियंत्रण थेट कर्नलकडे जाते. कर्नल त्या एकमेव घटकास स्थगित करतो, आणि लायब्ररीचा नियोजकही त्याच घटकावर चालणारा असल्याने तोही थांबतो. ख आणि ग सिद्ध असूनही त्यांना निवडणारे कोणी उरत नाही. यावरून नियम निघतो: कर्नलला जो घटक ज्ञात आहे, त्याचेच स्थगन होते, त्यावर आरूढ असलेले सर्व त्याच्यासह थांबतात.

४. परिहार आणि मर्यादा. ग्नू पीटीएच या लायब्ररीत `read` ऐवजी `pth_read` वापरतात. ते डेटा उपलब्ध आहे का हे `select` ने आधी तपासते. नसल्यास क ला बाजूस ठेवून ख ला चालवते. सॉकेटपुरता हा उपाय पुरेसा आहे. परंतु डिस्कवरील सामान्य फाइल `select` च्या दृष्टीने सदैव सिद्धच असते, त्यामुळे डिस्कची प्रतीक्षा टळत नाही. पेज फॉल्टमध्ये तर आवाहनच नसते. लायब्ररीस मध्ये येण्याची संधी मिळत नाही. प्रकार (अ) मध्ये हे दोष नाहीत. तेथे मूल्य वेगळे आहे: प्रत्येक पालटास कर्नलमध्ये प्रवेश करावा लागतो आणि प्रत्येक थ्रेडसाठी कर्नलमध्ये वेगळा स्टॅक राखावा लागतो.

५. परीक्षण. लिनक्सवर पुढील आज्ञा द्यावी. `PID` च्या जागी प्रोसेसचा क्रमांक लिहावा.

```
ls /proc/PID/task
```

प्रोग्रामने निर्माण केलेले तीन थ्रेड अजून संपलेले नसताना येथे मुख्य थ्रेड धरून चार नोंदी दिसल्या, तर ते कर्नलस्तरीय होत. एकच नोंद दिसल्यास ते वापरकर्तास्तरीय होत. अशा प्रोग्रामातील प्रत्येक अवरोधक आवाहन शोधून त्यावर लायब्ररीचे आवरण आहे का, हे पडताळणे अनिवार्य ठरते.