सामायिक आयपी पत्ता आणि कॅप्चाचे चक्र

एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागील काहींच्या गैरवापरामुळे तो पत्ता संशयित ठरतो आणि त्यामागच्या सर्वांनाच वारंवार कॅप्चा येतो किंवा लॉगिन नाकारले जाते. व्हीपीएन सर्व्हरमागे असंख्य वापरकर्ते असतात. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने अनेक मोबाइल कंपन्याही एक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. संकेतस्थळाला मात्र ही सारी वर्दळ एकाच ठिकाणाहून आलेली दिसते.

कॅप्चा सुटल्यावर मिळणारी कुकी काही यंत्रणांत त्याच पत्त्याशी बांधलेली असते. व्हीपीएनने मध्येच पत्ता बदलला की ती बाद होते आणि कॅप्चा पुन्हा येतो. निदानासाठी त्याच ब्राउझरमध्ये व्हीपीएन बंद करून पाहावे. अडथळा थांबल्यास दोष बहुधा पत्त्याचा असतो. न थांबल्यास कुकी रोखल्या जात आहेत का, हे तपासावे.