कुराणाचे भाषांतर : शाफिई मत आणि कोकण

कुराणाचा आशय अरबीखेरीज अन्य भाषेत सांगता येतो की नाही, आणि तसा तो लिहून काढल्यास त्या लिखाणास कुराण म्हणावे की नाही, हे इस्लामी धर्मशास्त्रातील दोन स्वतंत्र प्रश्न असून, पहिल्यास बहुतेक शास्त्रकारांनी होकार आणि दुसऱ्यास नकार दिला आहे. महाड व पोलादपूर येथील सावित्रीच्या खोऱ्यातले कोकणी मुसलमान परंपरेने शाफिई संप्रदायाचे, तर आंबेनळी घाट चढून गेल्यावर देशावर भेटणारे मुसलमान बहुतांशी हनफी. या दोन संप्रदायांचा या विषयातील मतभेद म्हणूनच कोकणात केवळ ग्रंथगत राहत नाही.

हनफी पक्ष. इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. 767) यांनी नमाजात फारसीतून पठण केल्यास ते ग्राह्य मानले होते, त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद अश्-शैबानी यांनी ही सवलत ज्यास अरबी उच्चार साधत नाहीत त्याच्यापुरतीच मर्यादित केली, आणि पुढे स्वतः इमामांनीही तेच मत स्वीकारल्याचे हनफी परंपरा सांगते. सलमान फारसी यांनी इराणी नवमुसलमानांसाठी फातिहा फारसीत लिहून दिल्याची आख्यायिका या पक्षाने आधारादाखल पुढे केली.

शाफिई पक्ष. तेराव्या शतकातील शाफिई पंडित अन्-नववी यांनी हा आधार अमान्य केला : सलमान यांनी लिहिले ते फातिहेचे विवरण, फातिहा नव्हे. कुराण म्हणजे अर्थ आणि त्या अर्थाची विशिष्ट अरबी शब्दरचना ही दोन्ही मिळून. तिचे अनुकरण मनुष्यास अशक्य असल्यामुळे ती रचना मोडली की जे उरते तो अर्थ खरा असला तरी कुराण नव्हे, असा त्यांचा निवाडा आहे.

या निवाड्याचे मर्म नमाजाच्या नियमांत स्पष्ट दिसते. शाफिई मते प्रत्येक रकातीत फातिहा म्हणणे अनिवार्य असून, ती ज्यास येत नाही त्याने कुराणातील दुसऱ्या सात आयती म्हणाव्यात, त्याही न आल्यास ईश्वराचे नामस्मरण करावे, आणि तेही न साधल्यास फातिहेस लागणाऱ्या वेळेइतके निःशब्द उभे राहावे. परंतु तिचे भाषांतर म्हणू नये. याउलट नमाजाच्या आरंभीचा तकबीर अरबीत न येणाऱ्याने, शिकेपर्यंत, आपल्या भाषेत म्हटला तरी चालतो, कारण त्या वाक्याचा हेतू ईश्वराचे थोरपण उच्चारणे हा असून त्याची शब्दरचना कुराणाप्रमाणे अननुकरणीय मानलेली नाही. फातिहेच्या बाबतीत मौन हे भाषांतराहून श्रेष्ठ ठरते, ते यामुळेच.

स्पर्शाचा नियमही याच तत्त्वावर उभा आहे. वजूवाचून मूळ कुराणाची प्रत हाती घेता येत नाही. परंतु ज्या तफसीरीत विवरणाची अक्षरे मूळ आयतींपेक्षा अधिक असतात, तिला हा निर्बंध लागू नाही.

अर्थाचे दोन थर. चौदाव्या शतकातील ग्रॅनाडाचे मालिकी पंडित अश्-शातिबी यांनी शब्दाचा मूलार्थ, जो कोणत्याही भाषेत उतरतो, आणि रचनेतून, क्रमातून व आघातातून उमटणारा अनुषंगिक अर्थ, जो अरबीपुरताच राहतो, असा भेद केला. पहिल्यापुरते भाषांतर शक्य, दुसऱ्यापुरते अशक्य. सामान्य जनांस अर्थ समजावून देणे सर्वांस मान्य असल्याने मूलार्थाचे भाषांतरही मान्य ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच धोरणाने हिंदुस्थानात शाह वलीउल्लाह (1703-1762) यांनी फारसी, आणि त्यांच्या पुत्रांनी उर्दू तर्जुमे केले; 1930 साली पिक्थॉल यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच 'अर्थ' हा शब्द घातला.

एक उदाहरण. मूलार्थही सर्वत्र निर्विवाद असतो असे नाही. दुसऱ्या सूरेच्या 228व्या आयतीत घटस्फोटित स्त्रीने तीन 'कुरू' थांबावे असे सांगितले आहे, आणि या अरबी शब्दाचे मासिक स्राव व दोन स्रावांमधील शुद्धिकाळ असे दोन्ही अर्थ होतात. शाफिई शुद्धिकाळ धरतात. शुद्धिकाळात तलाक झाल्यास त्याचा उरलेला भागही एक गणला जातो आणि तिसरा स्राव सुरू होताच इद्दत संपते. हनफी स्राव धरतात. त्यांच्या मते तिसरा स्राव पुरा होईपर्यंत इद्दत चालू राहते, आणि परतफेर शक्य असलेल्या तलाकात पतीचा पत्नीस परत घेण्याचा हक्कही तोवर टिकतो.

मराठीत असा दुहेरी शब्द नाही. भाषांतरकाराने 'तीन ऋतुस्राव' लिहिले की तो हनफी झाला, 'तीन शुद्धिकाळ' लिहिले की शाफिई; आणि अरबी शब्द तसाच ठेवला तर त्याने तेथे भाषांतर केलेच नाही. हनफी लेखकाच्या उर्दू तर्जुम्यावरून उतरवलेले मराठी पुस्तक महाडच्या शाफिई घरात वाचले गेल्यास, वाचक त्या ओळीस ईश्वराची आज्ञा समजेल, वस्तुतः ती एका संप्रदायाचा निर्णय असेल. म्हणून अशा पुस्तकात अरबी संहिता शेजारी आहे की नाही, वादग्रस्त शब्दावर टीप आहे की नाही, आणि भाषांतरकार कोणत्या संप्रदायाचा, हे पाहून मगच त्यातील कायदेविषयक ओळीचा आधार घ्यावा.