कीटकनाशकाच्या बाटलीवरील होलोग्राम: फोटोवरून बनावट कसा ओळखावा?

फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाच्या बाटलीचा फोटो पाठवून 'औषध ओरिजिनल आहे का?' असे विचारणारे शेतकरी दर आठवड्याला भेटतात. बहुतेक वेळा फोटो एकच असतो आणि त्यात चकाकणारे गोल स्टिकर दिसते. एवढ्यावरून बाटली खरी आहे असे कोणालाही सांगता येत नाही. मात्र फोटो योग्य पद्धतीने काढले, तर स्टिकर बनावट असल्याचे अनेकदा लक्षात येते. हा फरक सुरुवातीलाच समजून घ्या: फोटोवरून खोटेपणा सिद्ध होऊ शकतो, खरेपणा नाही.

होलोग्राम नेमके काय करतो?

खऱ्या होलोग्राममध्ये रंगीत शाई नसते. पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मवर डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिशय बारीक रेषा दाबून उठवलेल्या असतात. त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. या रेषांवर पडलेला प्रकाश वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या रंगांत फुटतो. म्हणून बाटली थोडी तिरकी केली की हिरवा भाग गुलाबी किंवा निळा होतो. आतील चिन्ह सरकते किंवा त्याच्या जागी दुसरेच चिन्ह दिसू लागते.

बरीच सुरक्षा लेबले आणखी एक काम करतात. ती सोलायचा प्रयत्न केला की फाटतात किंवा बाटलीवर जाळीसारखी खूण सोडतात. हेतू हा की, लेबल काढून दुसऱ्या बाटलीवर लावता येऊ नये. काही कंपन्या खरवडायचा सांकेतिक क्रमांक किंवा क्यूआर कोडही देतात.

होलोग्राम हे कंपनीने स्वतःहून लावलेले चिन्ह आहे. बाटलीतील द्रावणाची तपासणी त्यातून होत नाही. सगळ्याच कंपन्या होलोग्राम लावत नाहीत, त्यामुळे तो नाही म्हणजे औषध बनावट असेही नाही. कंपन्या अधूनमधून डिझाइन बदलतात, म्हणून जुन्या आणि नव्या मालाचे स्टिकर वेगळे असू शकते.

फोटो कसे काढावेत?

फोटोत प्रकाशाचा एकच कोन पकडला जातो आणि होलोग्रामची खूण तर कोन बदलल्यावरच दिसते. म्हणून एक फोटो उपयोगाचा नाही.

- बाटली सावलीत, पण दिवसाच्या भरपूर उजेडात ठेवा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर स्टिकरवर फक्त पांढरा डाग येतो.
- बाटली न हलवता मोबाईल डावीकडून, समोरून आणि उजवीकडून धरून तीन फोटो काढा. याशिवाय बाटली हळूहळू कलवत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या.
- मोबाईल साधारण एक वीत अंतरावर धरा आणि पडद्यावर स्टिकरला बोट लावून फोकस करा.
- व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवल्यास फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरे पुसट होतात.
- त्याच औषधाची, बिलासह खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेली आधीची बाटली घरात असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून एक फोटो काढा.

नक्कल फोटोत कशी दिसते?

*स्कॅन करून छापलेले स्टिकर:* ही सर्वांत सोपी नक्कल. तिन्ही फोटोंत रंग तोच राहतो. खऱ्या स्टिकरचा चांदीसारखा भाग येथे राखाडी दिसतो. फोटो मोठा केला की छपाईचे बारीक ठिपके दिसतात.

*तयार चमकी कागदावर छापलेले स्टिकर:* बाजारात मिळणाऱ्या इंद्रधनुषी फिल्मवर कंपनीचे चिन्ह छापलेले असते. कोन बदलला की मागची चमक बदलते, त्यामुळे फसगत होते. पण चिन्ह आणि अक्षरे प्रत्येक फोटोत त्याच रंगात, त्याच जागी राहतात. चमक मागे आणि अक्षरे तिच्यावर बसवलेली वाटतात.

*खऱ्या होलोग्रामवरून ठसा घेऊन केलेली नक्कल:* हिचे रंग बदलतात, चित्रही हलते. फक्त ते मंद दिसते आणि बारीक अक्षरे एकमेकांत मिसळतात. शेजारी खरी बाटली नसेल, तर मोबाईलच्या फोटोत ही नक्कल ओळखणे अवघड आहे.

*खरे स्टिकर, पण पुन्हा भरलेली बाटली:* येथे होलोग्राम खराच असतो. म्हणून झाकणाचे सील, झाकणाच्या कडेवरील ओरखडे आणि लेबलच्या कडेला राहिलेला जुना डिंक यांचेही फोटो घ्या.

क्यूआर कोडचीही नक्कल होते. एकाच खऱ्या बाटलीचा कोड शेकडो बाटल्यांवर छापता येतो आणि स्कॅन केल्यावर माहिती बरोबरच दिसते. दोन बाटल्यांवरचा प्रत्येक बाटलीसाठी वेगळा असायला हवा असा क्रमांक सारखाच निघाला, तर मात्र शंका पक्की समजा.

एक उदाहरण

तूर फुलोऱ्यात असताना एका शेतकऱ्याने क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी या औषधाच्या ६० मिलिच्या दोन बाटल्या घेतल्या. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी एकरी एक बाटली, असे दोन एकरांचे नियोजन होते. भाव नेहमीपेक्षा कमी होता, म्हणून त्यांना शंका आली. पहिल्या फोटोत होलोग्राम हिरवा आणि सुबक दिसत होता. त्यांच्याकडून तीन कोनांतले फोटो मागवले. तिन्हींत तो हिरवाच राहिला. वरच्या कोपऱ्यातील पांढरी चमकही तिन्हींत अगदी त्याच जागी होती. उजेडाची खरी चमक मोबाईल सरकवला की सरकते. जागची न हलणारी चमक म्हणजे ती मूळ स्टिकरच्या फोटोतून छपाईत आलेली. मागच्या वर्षीच्या रिकाम्या बाटलीवरचा होलोग्राम त्याच उजेडात हिरव्याचा गुलाबी होत होता.

त्यांनी बाटल्या उघडल्या नाहीत. बिलासह त्या कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांना दाखवल्या. अळी अहवालाची वाट पाहत नाही, म्हणून फवारणीसाठी दुसऱ्या केंद्रातून पक्क्या बिलावर औषध घेतले. शंकेच्या बाटलीतून फवारणी केली असती, तर औषधाचा खर्च तर गेलाच असता, पण फुलोऱ्यातील ते मोजके दिवसही हातून गेले असते.

शंका आल्यास

बाटली उघडू नका आणि स्टिकर सोलून पाहू नका, पुरावा जातो. लेबलवरील नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख बिलाशी ताडून पाहा. बिलावर बॅच क्रमांक लिहिलेला नसेल तर तो खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. नंतर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार निरीक्षकाला विक्रेत्याकडील मालाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आहे. बाटलीत नेमके काय आहे, हे तेथील तपासणीतूनच कळते. काही औषध वापरून झाले असेल, तर उरलेले द्रावण मूळ बाटलीतच झाकण घट्ट लावून मुलांपासून दूर ठेवा आणि लेबल व झाकण जपा.