दीड मीटरच्या खाली

एके काळच्या परळ बेटाची पूर्व कड. पलीकडे शिवडीच्या बाजूला खाडीचा चिखल होता. त्यावर भराव पडला, भरावावर गिरण्या आल्या. इथलं गोदाम हिशेब समजावा म्हणून कल्पनेनं उभं केलेलं आहे. अशा जमिनीवर आकडे मात्र असेच येतात.

16 महिने आधी, सकाळी 11:00. 75 सेंटिमीटर व्यासाची पोलादी तबकडी भरावावर दाबून पाहतात. आकडा चांगला येतो. अशा तबकडीचा दाब साधारण दीड मीटरपर्यंतच जाणवतो आणि भराव दीड मीटरच आहे. त्याखालच्या 4 मीटर मऊ चिकणमातीपर्यंत चाचणी पोचतच नाही. ठरलेलं बोअर खर्चापायी रद्द होतं.

15 महिने आधी, सकाळी 7:00. 200 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबवर कटर फिरतो : दर साडेचार मीटरवर 50 मिलिमीटर खोल खाच. दोन दिवसांच्या ओतकामांमधल्या सांध्यात डॉवेल सळ्या टाकलेल्या नाहीत. तिथून फक्त वाट जाणार होती.

14 महिने आधी, दुपारी 3:00. फोर्कलिफ्ट वळावी म्हणून रॅकची रांग 60 सेंटिमीटर सरकवतात. पुढचे पाय त्या सांध्याच्या कडेवर येतात. डिझाइन चौरस मीटरला 5 टन, सगळीकडे सारखा भार धरून झालं होतं. रॅक तसा भार देत नाही. चार मजले, प्रत्येकावर एक-एक टनाची दोन पॅलेट : एका चौकटीवर 8 टन, म्हणजे तळहाताएवढ्या बेसप्लेटवर 4 टन. मोकळ्या कडेला स्लॅबची ताकद मधल्या भागाच्या जवळपास निम्मीच असते.

चिकणमाती पाणी सोडत हळूहळू दबते. रांगेखाली एकूण 20 सेंटिमीटर खचण्याचा हिशेब निघतो. पहिल्या वर्षभरात त्यातलं निम्मं. सगळं सारखं खचलं असतं तर रॅक उभा राहिला असता.

2 महिने आधी. सांध्यावरून जाताना फोर्कलिफ्ट उसळते. कडा फुटल्या आहेत. एका बाजूला 6 मिलिमीटरची पायरी. इपॉक्सी भरतात, पायरी कोणी मोजून लिहून ठेवत नाही.

9 दिवस आधी, सायंकाळी 6:15. रॅक झुकलेला दिसतो. पुढच्या पायांखाली 12 मिलिमीटर शिम सारतात. ओळंबा जुळतो, माल पुन्हा चढतो. स्लॅबच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे, ती बेसप्लेटजवळ संपते.

शेवटचा दिवस, सकाळी 6:30. पुढचा पाय मागच्यापेक्षा 5 मिलिमीटर खाली.

दुपारी 2:10. कोपरा तुटून सुटा होतो. फरक 20 मिलिमीटर. दोन पायांत अंतर 1 मीटर, रॅक 8 मीटर उंच. म्हणजे माथा 160 मिलिमीटर पुढे. चालणारं झुकणं साधारण 23.

दुपारी 4:20. पाळी बदलण्याआधी वरचा मजला भरायचा आहे. चालक एक पॅलेट वर ठेवतो.

दुपारी 4:42. दुसरं पॅलेट. पहिली चौकट वाकते, आडव्या पट्ट्या शेजारच्या चौकटीला ओढतात. रांग वाटेवर पडते. चालक वाटेतच आहे.

8 दिवसांनी, सकाळी 10:00. पहिलं बोअर. दीड मीटरखाली 63.5 किलोचा हातोडा दोन ठोक्यांत नळी 30 सेंटिमीटर आत घालतो.