निसर्ग वादळ: आजीचा अर्धा मेसेज

३ जून २०२०, सकाळी ७. वादळ किनाऱ्याला लागायला साडेपाच तास.
दिवेआगरात ग्रामपंचायतीची रिक्षा पुन्हा फिरते आहे: कौलारू घरांतल्यांनी शाळेत यावं. आजी हलत नाही. करोनाचे दिवस, शाळेत दाटी, शिवाय गोठ्यात गाय. म्युनिकमध्ये पहाटेचे साडेतीन; ओंकार झोपेत आहे.

सकाळी १०. अडीच तास.
ओंकारचा फोन. "आजी, काकूंकडे जा. त्यांचं स्लॅबचं घर आहे."
"जाते रे बाळा. गाईचं दावं सोडते आणि निघते."

दुपारी १२.१०. वीस मिनिटं.
मेसेज येतो: "ओंकार माड पडला घरावर मी".
पुढे काही नाही. तो लगेच लिहितो, "तू कुठे आहेस?" एकच टिक. फोन लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर.

एक टिक म्हणजे त्याचा मेसेज निघाला, पण आजीच्या फोनपर्यंत पोचला नाही. फोन बंद पडला, भिजला की गावचा टॉवरच गेला, हे त्यावरून कळत नाही. माणसाबद्दल तर त्यावरून काहीच ठरवू नये. पण ओंकारला ती टिक आजीच वाटते. मी अडकले? मी पडले? पुण्याहून बाबा धीर देतात: "अरे, माड पडल्यावर तिने हे लिहिलंय. म्हणजे तेव्हा तिचे हात चालत होते." तेवढ्या आधारावर तो खुर्चीत बसतो. विमानं बंद आहेत. पुण्याहून निघायलाही पास लागतो.

१२.३० ते २.३०.
वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर येतं. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा. आपल्याकडे वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला तो सर्वांत जोराचा असतो, आणि दिवेआगर नेमकं त्याच अंगाला. सुपारीच्या उंच, सडपातळ झाडांना तो पेलवत नाही. वाडीच्या वाडी आडवी होते.

रात्र.
बाबा तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, ओळखीपाळखीचे, सगळीकडे फोन लावतात. कुठे लागत नाही, कुठे लागला तर उत्तर एकच: रस्त्यावर झाडं आहेत, गावात कुणी पोचलेलं नाही.

४ जून, दुपार.
अनोळखी नंबरवरून बाबांना फोन येतो. काकूंचा मुलगा रस्त्यातली झाडं ओलांडत मोटारसायकलने माणगावला आलाय. रेंज मिळाली तशी खिशातली नंबरांची यादी काढून तो एकेका घरी कळवतोय. बाबा ओंकारलाही फोनवर घेतात.

"आजी आमच्याकडे आहेत, बऱ्या आहेत. पडवीत उभ्या राहून टाइप करत होत्या, तेवढ्यात आईने हाताला धरून ओढलं. बोट दाबलं गेलं नि फोन पाण्यात पडला. गाय पण परत आलीय. पण घरावर छप्पर नाही नि वाडीत एक सुपारी उभी नाही. पाऊस तोंडावर आलाय. ताडपत्री आणि पत्र्यांचं आजच बघा. पुढचा नंबर लावायचाय, ठेवतो."